गोळ्यांनी बाळ मोठं होतं म्हणे: एका सुनेने सासूबाईंना लिहिलेलं पत्र

पंचविशीतली पहिलटकरीण, पाचवा महिना. नवरा-बायको नोकरीनिमित्त शहरात, सासू-सासरे गावी. चौथ्या महिन्याच्या तपासणीत हिमोग्लोबिन ९.२ आलं होतं, म्हणून डॉक्टरांनी जंताची एक गोळी दिली आणि लोहाच्या रोज दोन गोळ्या सुरू केल्या. महिन्याने पुन्हा रक्त तपासलं तर आकडा ९.३. जागचा हललाच नव्हता. प्रसूतिगृहात आहाराचा सल्ला देण्याचं काम माझ्याकडे असतं, त्यामुळे डॉक्टरांनी तिला माझ्याकडे पाठवलं. पुढे जे झालं ते तिच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आधी त्या आकड्याबद्दल. गरोदरपणात शरीरातलं रक्त वाढतं, पण त्यातला पातळ भाग जवळजवळ निम्म्याने वाढतो आणि तांबड्या पेशी त्या मानाने कमी वाढतात. त्यामुळे हिमोग्लोबिन थोडं उतरणं स्वाभाविक आहे. मधल्या तीन महिन्यांत १०.५ पर्यंत चालतं, त्याआधी आणि त्यानंतर ११ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. ७ च्या खाली गेलं तर ते गंभीर, तिथे घरच्या घरी गोळ्यांवर थांबत नाहीत. आपल्याकडे हे दुखणं घरोघरी आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायकांना रक्तक्षय आढळला. २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘अ‍ॅनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात म्हणूनच प्रत्येक गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून रोज एक लाल गोळी देतात, ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिडची. रक्त कमी असेल तर दोन. नीट घेतल्या तर महिन्याभरात हिमोग्लोबिन निदान १ ने वाढायला हवं. वाढलं नाही तर काहीतरी अडलं आहे, असं समजायचं.

अशा वेळी मी पहिल्यांदा गोळ्यांची पाकिटं आणायला सांगते. “गोळ्या घेतेस ना?” असं विचारलं की उत्तर हमखास ‘हो’ येतं, पाकिटं मात्र खरं बोलतात. तिच्या पाकिटांत अर्ध्याहून जास्त गोळ्या शिल्लक होत्या. रात्रीची गोळी ती घेतच नव्हती. सकाळची घेत होती ती चहा-नाश्त्यानंतर लगेच, कॅल्शियमच्या गोळीबरोबर. चहा आणि कॅल्शियम दोन्ही लोहाला आतड्यातून रक्तात शिरू देत नाहीत. म्हणजे एक गोळी पोटात जात होती, पण तिच्यातलं फारसं काही अंगी लागत नव्हतं.

चहाचं माहीत नसल्यामुळे झालं होतं, ते दोन मिनिटांत सांगून झालं. रात्रीच्या गोळीचं कारण वेगळं होतं. रोज रात्री सासूबाईंचा फोन यायचा आणि त्यात हमखास एक वाक्य असायचं, “त्या लाल गोळ्या नको घेऊस गं, बाळ पोटात मोठं होतं, मग सुटका होत नाही.” जोडीला रात्रीचं जेवण अर्धं कर, सातव्या महिन्यानंतर आणखी कमी कर. गोळ्यांनी मूल काळं निपजतं, हेही होतंच. ही शेवटची गोष्ट तिने मानली नसती, पण गोळ्या सुरू झाल्यावर शौचाला काळी होऊ लागली आणि ती घाबरली. तिला वाटलं, काळा रंग खरंच आतपर्यंत पोचतोय. हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. न शोषलेलं लोह शौचावाटे बाहेर पडतं, त्याचा तो रंग. त्याने अपाय होत नाही. बाळाच्या कातडीचा रंग आई-बापांकडून येतो, गोळीकडून नाही. समजुती अशाच टिकतात. डोळ्यांना काहीतरी दिसतं, आणि त्याचा अर्थ आधीच कोणीतरी सांगून ठेवलेला असतो.

निघताना दाराशी थांबून तिने आणखी एक सांगितलं. ती पाटीवरची पेन्सिल खात होती. पर्समधून काढून दाखवली, टोकाला दातांच्या खुणा होत्या. सासूबाईंना हे माहीत होतं आणि त्यांच्या मते ते डोहाळे होते, त्यांनाही चुलीतली भाजकी माती खावीशी वाटायची. माती, खडू, पेन्सिल, बर्फ असलं खाण्याची अनावर इच्छा होणं ही लोह कमी पडल्याची जुनी, ओळखीची खूण आहे. सासूबाईंच्या अंगातलंही लोह तेव्हा कमी पडलं असणार, असं मला त्या क्षणी वाटलं.

मग मी विचारलं, सासूबाई इतक्या कशाला घाबरतात? तेव्हा कळलं की त्यांचं पहिलं बाळंतपण घरी झालं होतं. दोन दिवस कळा, मूल आडलं, वाचलं नाही. घरात त्याविषयी कोणी बोलत नाही. तिला नवऱ्याच्या आत्याकडून समजलं होतं.

हे ऐकल्यावर प्रकरणाचा रंगच पालटला. ज्या बाईचं मूल आडून गेलं, ती सुनेला ‘कमी खा, बाळ लहान राहू दे’ म्हणते तेव्हा ती सुनेचा जीव वाचवायला बघत असते. उपाय चुकीचा आहे, भीती खरी आहे. फोनवर हे बोलणं जमत नव्हतं. एक वाक्य पुरं व्हायच्या आत समोरून उत्तर यायचं आणि मग सून गप्प बसायची. पत्र मात्र शेवटपर्यंत वाचलं जातं, दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचता येतं. म्हणून पत्र लिहायचं ठरलं.

पहिला मसुदा तिने घरून लिहून आणला. त्यात नऊ समजुती होत्या आणि प्रत्येकीपुढे डॉक्टरांचं म्हणणं. पपई, ग्रहण, केशर, तूप, दोन जिवांचं जेवण, सगळं. वाचणाऱ्याला वाटावं की आपण आयुष्यभर जे जे केलं ते सगळं चूक. मी तिला सुचवलं की ज्या समजुतीने आज खरोखर नुकसान होतंय तेवढीच धर. ती एकच होती, बाळ लहान ठेवण्यासाठी गोळ्या टाळायच्या आणि जेवण कमी करायचं. केशराने बाळ गोरं होत नाही, पण दुधात दोन काड्या पडल्याने बिघडतही नाही, ते सोड. ग्रहण तोंडावर नाही, तेव्हा त्यावर आत्ता वाद कशाला? पपईवर तर मानून टाक. कच्च्या पपईच्या चिकाने गर्भाशय आकुंचन पावतं असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे, त्यामुळे कच्ची पपई टाळणं शहाणपणाचंच. पूर्ण पिकलेलीला डॉक्टरांची हरकत नसते, पण नऊ महिने ती खाल्ली नाही म्हणून कोणाचं काही अडत नाही. सासूबाईंचं खरं आहे तिथे मोकळेपणाने ‘खरं आहे’ म्हटलं की पुढचं ऐकून घेतलं जातं.

दुसरी गोष्ट मी मागितली ती अशी की पत्रात सासूबाईंना काहीतरी काम दे. नुसतं ‘हे सांगू नका’ म्हटलं तर त्यांच्या हाती काय उरतं?

तिने लिहिलेलं पत्र असं. डॉक्टरांनी वैद्यकीय भाग तपासला, बाकी शब्द तिचेच.

“ती. सौ. आईंना सा. न. वि. वि.

फोनवर रोज बोलतो, तरी हे लिहिते आहे. फोनवर मला नीट सांगता येत नाही आणि तुम्हाला काळजी लागून राहते.

परवा रक्त तपासलं. माझं रक्त ९.३ आहे, ११ च्या वर हवं. डॉक्टरांनी खालची पापणी उलटून बघितली, ती लाल दिसायला हवी तर पांढुरकी आहे. जिना चढताना धाप लागते ती याचमुळे. तुम्ही मागे म्हणाला होतात की माझा चेहरा उतरलाय. तुमच्या ते आधी लक्षात आलं होतं.

आई, तुम्ही पहिल्या वेळी काय सोसलंत ते मला ठाऊक आहे. आत्यांनी सांगितलं. आजवर त्याबद्दल बोलायचं धाडस झालं नाही. तुम्ही मला गोळ्या नको, जेवण कमी कर असं म्हणता ते त्यातूनच, हे मला आता कळतं. म्हणून मी डॉक्टरांना सरळ विचारलं, गोळ्यांनी बाळ इतकं मोठं होतं का की आडेल?

त्या म्हणाल्या, लोहाच्या गोळीने बाळाचं अंग वाढत नाही. तिने माझं रक्त वाढतं. मूल आडतं ते त्याचं डोकं कसं वळलंय, आईचं कटीर किती रुंद आहे, कळा पुरेशा येतात का, यावर. बाळ फार मोठं होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे आईची साखर वाढलेली असणं, आणि साखरेची तपासणी त्या करणारच आहेत. शेवटच्या महिन्यांत पोट तपासून आणि सोनोग्राफी करून बाळाची वाढ आणि डोक्याची जागा बघतात. आडण्याचं चिन्ह दिसलं तर वेळेवर ऑपरेशन करता येतं. तुमच्या वेळी यातलं काहीच हाताशी नव्हतं.

मी कमी जेवले तर बाळ हलकं होईल हे खरं, पण त्याने सुटका सोपी होईल असं नाही. अडीच किलोच्या खालचं बाळ अशक्त असतं, त्याला ऊब टिकत नाही, दूध ओढायला जोर नसतो. आणि डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली ती ऐकून मीच घाबरले. सगळं सुरळीत झालं तरी बाळंतपणात अर्ध्या लिटरपर्यंत रक्त जातं. अंगात रक्त भरपूर असलं तर ते सोसतं. आधीच कमी असेल तर तेवढ्यानेही बाई कोसळू शकते. म्हणजे तुम्हाला ज्या वेळेची भीती वाटते, त्याच वेळेसाठी ह्या गोळ्या आहेत.

गोळ्यांनी शौचाला काळी होते. मी घाबरले होते, पण ते गोळीतलं उरलेलं लोह असतं. ते बाळापर्यंत जात नाही. बाळ तुमच्या मुलाच्या किंवा माझ्या रंगावर जाईल.

पाटीवरच्या पेन्सिलीचं मी डॉक्टरांना सांगितलं. त्या म्हणाल्या, लोह कमी पडलं की असं होतं. तुम्हालाही भाजकी माती खावीशी वाटायची ना? तेव्हा तुमचंही रक्त कमी झालं असेल आणि कोणी तपासलं नसेल, असं मनात आलं आणि वाईट वाटलं.

पपई मी खात नाही. कच्ची पपई नकोच असं डॉक्टरही म्हणाल्या, आणि पिकलेली तुमच्या मनाला पटत नसेल तर तीही नको. दोघांचं जेवण एकटीने जेवायचं नाही असं तुम्ही म्हणता, तेही त्यांना पटलं. रोजच्या जेवणावर एक भाकरी, वाटीभर उसळ आणि एखादं फळ एवढंच वाढवायचं आहे.

आता तुमच्याकडे मागणं. तुमची लोखंडी कढई कोणी येणारं असेल तर पाठवाल का? तिच्यात भाजी केली, विशेषतः टोमॅटो-चिंचेची आंबट, तर थोडं लोह भाजीत उतरतं. तुमच्या पद्धतीची मोड आलेल्या मटकीची उसळ मला जमत नाही, मोड नीट येत नाहीत, ते फोनवर सांगा. आणि रात्री फोन कराल तेव्हा एवढं विचारा की गोळी घेतली का. रात्रीच मी विसरते.

पुढच्या महिन्यात रक्त पुन्हा तपासतील. आकडा आला की सगळ्यात आधी तुम्हाला सांगेन. मनात काही शंका असेल तर लिहून ठेवा, सातव्या महिन्यात याल तेव्हा आपण दोघी मिळून डॉक्टरांना विचारू.

बाबांना नमस्कार.

तुमची सून”

या पत्रात मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते रक्त जाण्याचं वाक्य. ‘बाळाच्या मेंदूची वाढ’, ‘पोषण’ हे शब्द खरे आहेत, पण सासूबाईंच्या भीतीपर्यंत ते पोचले नसते. बाळंतपणाच्या खोलीत काय होऊ शकतं हे त्यांनी अनुभवलं होतं, त्यामुळे रक्ताचा हिशोब त्यांना लगेच कळला असणार. ‘तेव्हा तुमचंही रक्त कमी झालं असेल’ हे वाक्य ठेवावं की काढावं यावर आम्ही बराच वेळ बोललो. मला धास्ती वाटत होती की जुनी जखम उघडी पडेल. तिने ते ठेवलं, कारण तिला ते मनापासून म्हणायचं होतं.

पत्राबरोबर मी तिला दिवसाचं वेळापत्रक बसवून दिलं, कारण पत्राने मन वळलं तरी चहा आणि कॅल्शियमची अडचण तशीच राहिली असती. सकाळी नाश्ता, चहा आणि कॅल्शियमची पहिली गोळी. ११ च्या सुमारास लोहाची गोळी, लिंबूपाण्याबरोबर, कारण आंबट फळांतलं क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं. जेवणानंतरचा चहा बंद, हवा असेल तर तासाभराने. रात्री जेवणाबरोबर कॅल्शियमची दुसरी गोळी आणि झोपताना, निदान दोन तासांनी, लोहाची दुसरी. पहिले काही दिवस मळमळलं, म्हणून ११ ची गोळी तात्पुरती दुपारच्या जेवणानंतर नेली. शोषण थोडं कमी होतं, पण गोळी बंद पडण्यापेक्षा ते बरं. बद्धकोष्ठ झालं त्यासाठी पाणी आणि पालेभाजी वाढवली.

पत्र पोचल्यावर सासूबाईंनी ते सासऱ्यांकडून मोठ्याने वाचून घेतलं. पुढचे काही दिवस रात्रीचा फोन सासऱ्यांचाच आला, आणि तो काळ सुनेला फार जड गेला. मग सासूबाईंनी स्वतः फोन केला. पहिल्या बाळंतपणाचा विषय त्यांनी काढला नाही. मटकी रात्रभर भिजवायची, मग पाणी काढून ओल्या फडक्यात घट्ट बांधून उबेला ठेवायची, फडकं कोरडं पडू द्यायचं नाही, हे सविस्तर सांगितलं आणि फोन ठेवता ठेवता विचारलं, “गोळी घेतलीस?” कढई नंतर एका नातेवाइकाबरोबर आली.

सगळंच पटलं असं नाही. रात्रीचं जेवण कमी ठेवावं हे त्यांचं मत कायम राहिलं. त्याऐवजी झोपताना पेलाभर दूध घे म्हणाल्या. दुधातलं कॅल्शियम रात्रीच्या गोळीच्या आड आलं असतं, म्हणून दूध संध्याकाळी पाचला घ्यायचं ठरलं. रात्रीच्या जेवणात एक भाकरी कमी झाली ती चार वाजताच्या खाण्यात घातली. दिवसाचं एकूण खाणं पुरेसं झालं की ते कोणत्या वेळी झालं यावर मी अडून बसत नाही.

कढईबद्दल एक सांगायला हवं, कारण इथे पुष्कळ घरं फसतात. लोखंडी कढई, गूळ, खजूर, पालेभाज्या चांगल्याच, पण हिमोग्लोबिन ९ वर आलेलं असताना त्यांच्या भरवशावर ते भरून येत नाही. शाकाहारातल्या लोहाचा थोडाच वाटा अंगात शिरतो आणि बाळाची मागणी दिवसागणिक वाढत असते. कढई आली म्हणून गोळी सोडायची नाही, हे तिने सासूबाईंनाही फोनवर सांगितलं.

पेन्सिल खाण्याची इच्छा काही आठवड्यांतच गेली, रक्ताचा आकडा हाती येण्याआधी. असं बऱ्याचदा होतं. महिन्याने तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन १०.४ होतं, त्यापुढच्या महिन्यात ११.१.

समजा पाकिटं रिकामी होत गेली असती, वेळा नीट पाळल्या गेल्या असत्या आणि तरीही आकडा हलला नसता, तर पत्राने काही साधलं नसतं. मग कारण दुसरीकडे शोधावं लागतं. मूळव्याधीतून रक्त जातंय का, बी-१२ कमी आहे का, थॅलेसेमिया मायनर आहे का. शेवटच्या शक्यतेत नवऱ्याचंही रक्त तपासतात, कारण दोघांनाही तो असेल तर बाळाला आजार होण्याचा धोका असतो. बसल्या जागी धाप लागणं, छातीत धडधडणं, चक्कर येऊन पडणं, यांपैकी काही झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

सासूबाई सातव्या महिन्यात आल्या आणि तपासणीला बरोबर गेल्या. त्यांनी शंका खरंच लिहून आणल्या होत्या. शेवटच्या महिन्यात तूप प्यायल्याने वाट सोपी होते का, हा पहिला प्रश्न. डॉक्टरांनी सांगितलं की तूप पोटात पचतं, बाळाच्या वाटेपर्यंत जात नाही, जेवणात चमचाभर पुरे. दुसरा प्रश्न गोळ्या कधी बंद करायच्या असा होता. बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस घ्यायच्या, रोज एक, हे ऐकून त्या जरा थबकल्या. मग म्हणाल्या, “आणि अळिवाचे लाडू? ते तरी चालतील ना?” डॉक्टर म्हणाल्या, जरूर द्या, गोळीच्या जोडीला.